पीडीएफमध्ये अक्षर चुकलंय आणि फाँट हाताशी नाही, तेव्हा

प्रश्न: सोलापुरात आमचा टॉवेल-चादरीचा धंदा आहे. विक्रेत्यांची तालुकावार यादी पीडीएफमध्ये आहे. तिच्यात ‘मंगळवेढा’चं ‘मंगळवेडा’ झालंय आणि ‘अक्कलकोट’चं ‘अकलकोट’. ज्यानं यादी केली त्याच्याकडं मूळ फाइल उरलेली नाही, आणि तो फाँट आमच्या कॉम्प्युटरवर नाही. अॅक्रोबॅटमध्ये दुरुस्त करायला गेलं की वेगळंच अक्षर उमटतं, नाहीतर चौकोन येतो. दोनच शब्द आहेत, सगळी यादी परत टाइप करायची नाही. काय करता येईल?

उत्तर:

तुमच्या दोन्ही चुका एका अक्षराच्याच आहेत, पण काम दोन वेगळी आहेत. ‘मंगळवेढा’साठी लागणारा ढ बहुतेक तुमच्या पीडीएफमध्येच बसलेला आहे, कारण तालुक्यांच्या यादीत माढा आणि पंढरपूर असणारच. ‘अक्कलकोट’साठी लागणारा अर्धा क मात्र फाइलीत कुठेही नसण्याची शक्यता मोठी आहे. पहिली दुरुस्ती फाँट न मिळवताही अगदी मुळासारखी होते. दुसरीला थोडं हातकाम लागेल.

पीडीएफ तयार होताना सहसा पूर्ण फाँट आत जात नाही. कागदावर जी अक्षरं वापरली, तेवढ्यांचेच आकार आत ठेवले जातात. यालाच सबसेट म्हणतात. देवनागरीत इथे ‘अक्षर’ म्हणजे वर्णमालेतलं अक्षर नव्हे, तर फाँटमधला एकेक आकार. क वेगळा, अर्धा क वेगळा, क्र वेगळा, क्ष वेगळा. म्हणून यादीत ‘क्रमांक’ आणि ‘लक्ष्मी’ हे शब्द असले तरी त्यातून अर्धा क मिळत नाही. ‘नक्की’ किंवा ‘शिक्का’ असा एखादा शब्द कुठे असेल तरच मिळेल.

अॅक्रोबॅटची अडचण वेगळी आहे. आत ठेवलेला सबसेट तो दाखवण्यापुरता वापरतो. नवीन अक्षर टाइप करायचं तर तोच फाँट कॉम्प्युटरवर बसवलेला असावा लागतो, आणि नसेल तर तो आपल्या मनानं दुसरा फाँट घेतो. त्यामुळे ढ फाइलीत असूनही अॅक्रोबॅटमधून तो तुमच्या हाती लागत नाही.

सगळ्यात आधी आत काय आहे ते बघा. पॉपलर या मोफत संचातली `pdffonts` ही आज्ञा एका ओळीत सांगते:

```
pdffonts yadi.pdf

name                 type          encoding    emb sub uni object ID
CAAAAA+Yadi-Regular  CID TrueType  Identity-H  yes yes yes     12  0
```

इथलं फाँटचं नाव नमुन्याचं आहे. नावाच्या आधी सहा मोठी अक्षरं आणि अधिक चिन्ह दिसलं की तो सबसेट समजा. `emb` खाली `no` असेल तर फाँट आत नाहीच. मग आतून उसनं घेण्यासारखं काही नाही, फाँट शोधावाच लागेल. यादीत एकही फाँट दिसला नाही तर प्रेसनं अक्षरांचे कर्व्ह करून फाइल दिलेली आहे, किंवा ते पान स्कॅन केलेलं चित्र आहे. कर्व्ह असतील तर खाली अर्ध्या कसाठी सांगितलेली रीत वापरा.

अधिक चिन्हानंतरचं नाव वाचून दहा मिनिटं फाँट शोधण्यात घालवणं फायद्याचं ठरतं. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे गूगल फाँट्सवर मोफत आहेत. निर्मला विंडोजबरोबर येतो. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे विंडोज १० मध्ये आपोआप बसलेले नसतात, पण सेटिंग्जमधल्या ऐच्छिक सुविधांत `Devanagari Supplemental Fonts` या नावाखाली मिळतात. ‘फाँट नाही’ अशा तक्रारीत कैकदा फाँट याच यादीतला निघतो. मिळाला तर तो बसवा, अॅक्रोबॅट पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि फक्त ढ न बदलता अख्खा शब्द निवडून नव्यानं टाइप करा. त्याच फाँटची दुसरी आवृत्ती असेल तर दोन आवृत्त्यांमधला फरक शब्दाच्या मधोमध दिसत नाही, निदान शब्द तरी एकसारखा राहतो.

फाँट मिळाला नाही असं धरून पुढे जाऊ.

मंगळवेढा: ढ माढ्याकडून घ्यायचा

मूळ फाइलची प्रत ठेवा आणि पीडीएफ वाचता येईल अशी उलगडून घ्या. त्यासाठी `qpdf` हे मोफत साधन आहे:

```
qpdf --qdf --object-streams=disable yadi.pdf yadi-q.pdf
```

ही नवी फाइल नोटपॅड++ मध्ये उघडा आणि वर एन्कोडिंग `ANSI` आहे याची खात्री करा. फाइलीत मजकुराच्या मधेमधे फाँटचा कच्चा डेटाही असतो. एखाद्या एडिटरनं ती यूटीएफ-८ म्हणून जतन केली तर तो डेटा मोडतो आणि सगळ्या पानांवरची अक्षरं जातात. त्यामुळे विंडोजचं साधं नोटपॅड आणि वर्ड इथे वापरू नका.

आता `beginbfchar` शोधा. तिथे कोणता क्रमांक म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता असतो. तुमच्या फाइलीत क्रमांक वेगळे असतील, पण दिसायला हे असं असेल:

```
<0004> <092E>
<0021> <0935>
<0022> <0947>
<0023> <0921>
<0024> <093E>
<0031> <0922>
```

डावीकडे या फाइलीपुरता क्रमांक आहे, उजवीकडे युनिकोड. `092E` म्हणजे म, `0935` म्हणजे व, `0947` एक मात्रा, `0921` ड, `093E` काना आणि `0922` ढ. उजव्या बाजूला `0922` सापडला म्हणजे ढ फाइलीत आहे आणि त्याचा क्रमांक `0031`. काही वेळा तक्ता `beginbfrange` खाली पट्ट्यापट्ट्यांनी दिलेला असतो, तोही बघा. फाइलीत दोन फाँट असतील, म्हणजे मथळ्याचा जाड आणि मजकुराचा साधा, तर प्रत्येकाचा तक्ता वेगळा. जाड फाँटचा ढ साध्या ओळीत त्याच क्रमांकानं चालत नाही. ओळीच्या वर `/F2 11 Tf` असं काहीतरी असतं, त्यावरून ती ओळ कोणत्या फाँटमध्ये आहे ते कळतं.

चुकलेला शब्द शोधायला ‘वेड’ हा तुकडा क्रमांकांत लिहा: `002100220023`. शोध लागला की अशी ओळ दिसेल:

```
/F2 11 Tf
<0004000A00150009002100220023 0024> Tj
```

हे म, अनुस्वार, ग, ळ, व, मात्रा, ड, काना. मोकळी जागा इथे फक्त वाचायला सोपं जावं म्हणून सोडली आहे. `0023` च्या जागी `0031` लिहा. मंगळवेढ्याचं काम एवढंच. अंक तितकेच राहिले, म्हणून फाइलीचा ताळमेळही बिघडत नाही.

तुकडा सापडला नाही तर घाबरू नका. शब्द बहुधा तुकड्यांत मोडलेला असतो, मधे छोटे आकडे असतात आणि ओळीच्या शेवटी `TJ` असतं. ते आकडे अक्षरं जरा पुढेमागे सरकवण्यासाठी असतात. मग ‘वे’ एवढाच तुकडा शोधा.

तक्ताच नसेल, म्हणजे `uni` खाली `no` असेल, तर माढ्यावरून वाट काढा. ‘माढा’ म्हणजे म, काना, ढ, काना. चार क्रमांकांच्या ओळीत दुसरा आणि चौथा सारखा असेल आणि पहिला क्रमांक ‘मंगळवेडा’च्या पहिल्या क्रमांकाशी जुळत असेल, तर तिसरा ढ: `0004002400310024`. जुन्या, युनिकोडपूर्व डीटीपी फाँटांच्या पीडीएफमध्ये हीच रीत कामी येते. तिथे क्रमांकांऐवजी कंसात इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते, आणि एका अक्षराचे दोन तुकडे असू शकतात, म्हणजे आकार वेगळा आणि दंड वेगळा. तेव्हा दोन्ही तुकडे उचला.

रुंदीचंही बघावं लागतं. ड आणि ढ सारख्या रुंदीचे नसतात. रुंद्या `/W` या यादीत असतात, आणि इथे फसायला होतं: मजकुरातले क्रमांक षोडशमान आहेत, `/W` मधले दशमान. `0023` म्हणजे 35, `0031` म्हणजे 49. समजा ड 512 आहे आणि ढ 548. फरक 36, म्हणजे अक्षराच्या मापाच्या हजारातले 36 भाग. 11 पॉइंटच्या मजकुरात हे 0.4 पॉइंटच्या आसपास, मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढं होतं. यादीच्या रकान्यात पुढचा मजकूर स्वतःच्या जागेवरून सुरू होतो, तेव्हा काहीच करायला नको. पण त्याच ओळीत पुढे मजकूर चालू असेल आणि उजवी कड जुळवलेली असेल, तर शब्दानंतर तेवढंच मागे घ्या:

```
[<0004000A001500090021002200310024> 36] TJ
```

`TJ` मधला धन आकडा डावीकडे सरकवतो, ऋण आकडा उजवीकडे.

हीच रीत ‘सोलापुर’चं ‘सोलापूर’ करायलाही चालते, फक्त तिथे नुसता दीर्घ उकार उचलू नका. खालच्या मात्रांची जागा ज्या अक्षराखाली त्या बसतात त्यावर ठरते, म्हणून ‘पंढरपूर’मधला ‘पू’ मधल्या सरकवण्याच्या आकड्यांसकट घ्या. पहिल्या वेलांटीचंही तसंच आहे. चांगल्या देवनागरी फाँटात अरुंद आणि रुंद अक्षरांसाठी वेगवेगळ्या लांबीच्या वेलांट्या असतात. ‘शि’ची वेलांटी ‘वि’ला लावली तर तिचं टोक दंडावर येत नाही. शिवाय फाइलीत ती अक्षराच्या आधी येते, हे शोधताना लक्षात ठेवा.

बदल झाला की फाइल बंद करून नीट बांधून घ्या:

```
fix-qdf yadi-q.pdf > yadi-1.pdf
qpdf --check yadi-1.pdf
qpdf yadi-1.pdf yadi-2.pdf
```

शेवटची ओळ फाइल पुन्हा दाबून लहान करते. विंडोजवर पहिली ओळ साध्या कमांड प्रॉम्प्टमध्येच चालवा. विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल `>` करताना मजकुराचं एन्कोडिंग बदलतं आणि पीडीएफ उघडेनाशी होते.

पान उघडल्यावर ढच्या जागी मोकळी जागा किंवा चौकोन दिसला, तर तुम्ही दुसऱ्या फाँटच्या तक्त्यातला क्रमांक घेतलाय. सबसेटमध्ये नसलेला क्रमांक लिहिला की हेच होतं.

अक्कलकोट: जो आकार आतच नाही

आधी तक्त्यात बघा. उजव्या बाजूला `0915094D` अशी जोडी असेल तर तो अर्धा क, आणि `0915094D0915` असेल तर अख्खा क्क. दोन्हींपैकी एक सापडला तर वरचीच रीत. फक्त शब्द एका आकारानं लांबेल, तेव्हा रकान्यात जागा आहे का ते बघा.

नाही सापडला तर दोन वाटा सोप्या वाटतात, आणि दोन्ही मी सुचवणार नाही. एक म्हणजे क घेऊन त्याचा पाय मोडायचा. हलन्ताचं चिन्ह फाइलीत असलं तरी गावाचं नाव तसं छापलेलं वाचणाऱ्याच्या डोळ्यांना खुपतं. दुसरी म्हणजे अर्धा क दुसऱ्या फाँटातून आणायचा. रोमन लिपीत असं एखादं अक्षर खपून जातं, देवनागरीत नाही. शिरोरेषा सगळ्या शब्दातून सलग जाते. दुसऱ्या फाँटची रेषा केसभर जाड किंवा वर असली तरी नेमकी तिथेच पायरी दिसते.

त्यापेक्षा फाइलीतल्याच कपासून अर्धा क कापून घ्या. इंकस्केपमध्ये ते पान उघडताना आयातीच्या खिडकीत पॉपलर-कैरोचा पर्याय निवडा. त्यात मजकूर आत ठेवलेल्या फाँटवरूनच आकारांत बदलून येतो, फाँट बसवलेला लागत नाही. पानाचं माप बदलू नका. ‘अकलकोट’ सोडून पानावरचं बाकी सगळं पुसा. अक्षरं गटात आणि क्लोन म्हणून येतात, म्हणून गट सोडवा आणि `Unlink Clone` करा, नाहीतर एक क कापला की दुसराही कापला जाईल.

आता पहिल्या कची एक प्रत काढा. तिच्या उजव्या वळणावर, दंडापासून बाहेर पडून ते खाली वळू लागतं तिथपासून पुढे, एक चौकोन ठेवा आणि `Path` मधल्या `Difference` नं तो भाग कापा. शिरोरेषाही तेवढीच कापली जाईल, ते बरोबर आहे. हा अर्धा क ‘अ’नंतर ठेवा आणि ‘कलकोट’ तेवढं उजवीकडे सरकवा. सरकवताना कंट्रोल दाबून धरा, म्हणजे रेषा वरखाली होणार नाही. अर्ध्या कची शिरोरेषा आणि पुढच्या कची शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढू द्या, मग दोन्ही `Union` करा. नुसत्या टेकवून ठेवल्या तर छपाईत मधे बारीक पांढरी चीर दिसू शकते. कापलेलं टोक दुसऱ्या कच्या डाव्या वळणाला भिडतं का, हे पान खूप मोठं करून बघा.

हे पान `thigal.pdf` म्हणून जतन करा. इंकस्केप रंग आरजीबीत देतो, म्हणून छपाईआधी ही छोटी फाइलही `qpdf --qdf` नं उलगडून बघा. `0 0 0 rg` दिसलं तर ते `0 g` करा आणि `fix-qdf` नं बांधा. नाहीतर तो एकच शब्द चारही रंगांच्या शाईत छापला जाण्याचा धोका असतो आणि बाकीच्या काळ्या मजकुरापेक्षा वेगळा, कडेला रंग सांडल्यासारखा दिसतो.

मूळ फाइलीतला चुकीचा शब्द आता झाकायचा नाही, अदृश्य करायचा. उलगडलेल्या `yadi-q.pdf` मध्ये तो शोधून असा करा:

```
/Span <</ActualText <FEFF09050915094D091509320915094B091F>>> BDC
3 Tr <00050011001200110026001F> Tj 0 Tr
EMC
```

`3 Tr` मुळे तो शब्द जागा घेतो पण छापला जात नाही. पुढचं `0 Tr` विसरलात तर त्यानंतरचा मजकूरही गायब होईल. `ActualText` मध्ये ‘अक्कलकोट’ युनिकोडमध्ये लिहिलेलं आहे, त्यामुळे यादीत कुणी नाव शोधलं किंवा कॉपी केलं तर बरोबर शब्द मिळावा. अॅक्रोबॅट हे मानतो, मोबाइलवरची काही अॅप मानत नाहीत. यादी नुसती छापायचीच असेल तर एवढं न करता त्या ओळीचं `<> Tj` केलं तरी पुरे. दोन्हींत लांबी बदलते, म्हणून `fix-qdf` इथे टाळता येत नाही. वरच्या तिन्ही आज्ञा पुन्हा चालवून `yadi-2.pdf` नव्यानं करा. मग थिगळ योग्य पानावर बसवा, समजा तिसऱ्या:

```
qpdf yadi-2.pdf --overlay thigal.pdf --to=3 -- yadi-3.pdf
```

पांढरा चौकोन ठेवून वर नवा शब्द टाकायची पद्धत सर्रास चालते, पण खालचा चुकीचा शब्द फाइलीत तसाच राहतो. शोधला तर सापडतो, कॉपी केला तर येतो, आणि रकान्यामागे फिकट रंगाची पट्टी असेल तर चौकोन छापलेला दिसतो.

अशा हातकामाच्या जागा पाच-सहाच्या वर गेल्या, तर कापत बसू नका. गावांच्या नावांचा तो रकानाच पूर्ण, वरपासून खालपर्यंत, जवळच्या दिसणाऱ्या मोफत फाँटात नव्यानं बसवा. अख्खा रकाना वेगळ्या फाँटात असला तर तो मुद्दाम तसा मांडलेला वाटतो. एकच गाव वेगळं दिसलं तर ते चुकलेलंच दिसतं.

डिजिटल सही असलेल्या कागदाला यातलं काहीही लावू नका. सातबारा, प्रमाणपत्र, करारपत्र यांतला एक अंक जरी बदलला तरी सही अवैध दाखवते, आणि तसं व्हायलाच हवं. तिथली चूक ज्यानं कागद दिला त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी लागते.

प्रेसला देण्याआधी `pdffonts` पुन्हा चालवा. फाँटांची यादी आधी होती तेवढीच असली पाहिजे. मंगल किंवा एरियलची नवी ओळ आली असेल तर मधे कुठल्या तरी प्रोग्रामनं आपला फाँट घुसवलाय. मग ते पान चित्र म्हणून मोठं काढून बघा:

```
pdftoppm -r 600 -f 3 -l 3 -png yadi-3.pdf paan
```

600 डीपीआयच्या या चित्रात ‘मंगळवेढा’मधला ढ ‘माढा’मधल्या ढशी ताडून बघा आणि ‘अक्कलकोट’ची शिरोरेषा डावीकडून उजवीकडे एकदा सावकाश तपासा. ती सलग असेल तर फाइल छपाईला पाठवा, आणि `yadi-q.pdf` पुसू नका. उद्या आणखी एखादं नाव चुकलेलं सापडलं तर शोध तिथूनच सुरू करता येईल.